पीएक्स६२५ चा १.३५ व्होल्ट गेला कुठे? बटण सेलमधला पारा आणि त्याच्या जागी आलेले सेल

डोळस_भिंग

नमस्कार मंडळी. ऑलिंपस ओएम-१ हा जुना फिल्म कॅमेरा दुरुस्त करून वापरायचा आहे. शटर ठीक, भिंग स्वच्छ, घोडं अडलंय उजेड मोजणाऱ्या मीटरपाशी. खालच्या झाकणात पीएक्स६२५ लागतो, १.३५ व्होल्टचा, पाऱ्याचा. तो आता मिळत नाही. दुकानात त्याच मापाचा अल्कलाइन सेल मिळाला, वर ६२५ए असं लिहिलेला. चपखल बसला, सुईही हलते. पण १०० आयएसओची फिल्म, दुपारचं स्वच्छ ऊन आणि एफ१६ असताना १/१२५ ला सुई मध्यावर यायला हवी, ती १/२५० च्याही थोडी पुढे गेल्यावर येते.

दोन प्रश्न. हा सेल सरसकट बंदच का केला, पारा कमी करून भागलं नसतं का? आणि त्याच्या जागी जे सेल आले त्यातला या कॅमेऱ्याला कुठला चालेल?

तांबडा_फिल्टर

पारा विषारी म्हणून बंद केला, त्यात काय कोडं आहे? त्याच्या जागी सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर४४ आला, त्यात पारा कधी नव्हताच. तोच घाला. १.५५ व्होल्ट म्हणजे थोडा जास्त, पण निगेटिव्ह फिल्म एवढी चूक सहज पोटात घालते. नाहीतर एलआर४४ घाला, तोच सेल, फक्त स्वस्त.

जस्तवाला

वरच्या प्रतिसादातलं पहिलं वाक्य बरोबर, पुढच्या तिन्ही वाक्यांत थोडी थोडी गडबड आहे. सावकाश बघू.

"सेलमधला पारा" या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो. पीएक्स६२५ मध्ये पारा हा मुख्य माल होता. एका बाजूला पाऱ्याचं ऑक्साइड, दुसऱ्या बाजूला जस्ताची भुकटी, मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा द्रव. सेल चालतो तेव्हा एवढंच घडतं:

```
HgO + Zn → Hg + ZnO
```

म्हणजे सेल संपला की आत चक्क धातुरूप पारा उरतो. किती, याचा हिशेब सोपा आहे. एक ग्रॅम पाऱ्याचं ऑक्साइड साधारण २४७ मिलिअँपिअर-तास देतं. पीएक्स६२५ ची क्षमता ३५० धरली तर आत १.४ ग्रॅम ऑक्साइड हवं, आणि त्यातला पारा सुमारे १.३ ग्रॅम. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम असतो, म्हणजे नखाएवढ्या त्या बटणात एका थर्मामीटरपेक्षा जास्त पारा होता. "पारा कमी करा" याला इथे अर्थच नाही. पारा कमी केला की तेवढी वीज कमी.

दुसरा पारा हा मसाल्यासारखा, जस्ताच्या भुकटीत मुरवलेला. तो अल्कलाइनमध्ये होता, सिल्व्हर ऑक्साइडमध्ये होता, कानाच्या मशीनच्या झिंक-एअर सेलमध्येही होता. त्यातून वीज मिळत नव्हती, तो नुसता राखणदार होता. हा काढायला जास्त वर्षं लागली, आणि धाग्याचा खरा रंजक भाग तोच आहे. एसआर४४ मध्ये पारा कधी नव्हता हे म्हणूनच चूक. युरोपात बटण सेलना वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत पाऱ्याची मुभा २०१५ पर्यंत होती.

तांबडा_फिल्टर

हे मला नवीन आहे, मान्य. पण राखणदार कशाचा? सिल्व्हर सेलमध्ये जस्त चांदीच्या ऑक्साइडशी भिडतं, मध्ये पाऱ्याचं काय काम?

जस्तवाला

सेल वापरात नसतानाही जस्त स्वस्थ बसत नाही. भोवतीच्या अल्कलीतल्या पाण्याशी त्याची झटापट चालू असते आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. डबी तर घट्ट मिटलेली. मग वायू जाणार कुठे?

एसआर४४ च्या मापाचा सेल घ्या, ११.६ मिमी व्यास, ५.४ मिमी जाडी. बाहेरून मोजलं तरी त्याचं सगळं आकारमान ०.५७ मिली भरतं. आता एक मिलिग्रॅम, फक्त एक मिलिग्रॅम जस्त असं आपसूक खाल्लं गेलं, तर साधारण ०.३५ मिली हायड्रोजन तयार होतो. आत मोकळी जागा जवळपास नसतेच. म्हणजे अख्ख्या सेलच्या निम्म्याहून जास्त आकारमानाचा वायू त्या चिमटीत दाबून बसणार. आत जस्त असतं दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास, त्यातलं अर्धा टक्का बिघडलं तरी सेल फुगतो किंवा रबरी कडेतून अल्कली बाहेर ढकलतो.

पारा हे थांबवायचा, कारण त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा बुडबुडा जन्माला यायलाच तयार नसतो. जस्ताच्या प्रत्येक कणावर पाऱ्याचा मुलामा चढला की बाहेरून तो कण पाऱ्यासारखा वागतो आणि आतून जस्तासारखी वीज देतो. शिवाय पारा दुसऱ्याची पापंही झाकायचा. जस्तात लोखंडाचा एखादा कण आला तर त्या ठिकाणी वायू जोरात सुटतो, पारा त्या कणालाही वेढून टाकायचा. जुन्या कारखान्यांत जस्त थोडं अशुद्ध असलं तरी खपून जायचं ते यामुळे. आणि तिसरं काम, भुकटीचे कण एकमेकांना विजेने जोडून ठेवायचं.

म्हणून पारा काढायचा तर ही तिन्ही कामं कुणीतरी वाटून घ्यायला हवी होती.

देवरुखची_वहिनी

विषय कॅमेऱ्याचा आहे, तरी विचारते. सासऱ्यांच्या कानाच्या मशीनला १० नंबरचा छोटा सेल लागतो, पिवळ्या स्टिकरचा. पूर्वी आठवडा जायचा म्हणतात, आता चार-पाच दिवसांत संपतो, पावसाळ्यात तर तीन. पारा काढल्यामुळेच ना हे?

कथील

वहिनी, थोडंसं पाऱ्यामुळे असेल, पण आधी हिशेब करा. १० नंबरच्या सेलची क्षमता ९० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. मशीन १.३ मिलिअँपिअर ओढत असेल तर ७० तास. दिवसाला १४ तास लावलं की पाच दिवस झाले. नवं मशीन मोबाइलशी बिनतारी जोडलेलं असेल तर ओढ आणखी वाढते, मग चार दिवस हे ठीकच आहे. पूर्वीचं मशीन कमी ओढत होतं का हे आधी बघा, दोष सेलचा नसेलही.

पावसाळ्याचं मात्र खरं आहे. या सेलला बाहेरची हवा लागते, हवेतला ऑक्सिजन हाच त्याचा दुसरा ध्रुव. भोकं उघडी म्हटल्यावर ऑक्सिजनबरोबर बाष्पही आत-बाहेर करणार. आतली अल्कली साठ टक्के आर्द्रतेच्या आसपास हवेशी तोल राखते. कोकणात जुलैत हवा नव्वदीला, म्हणजे सेल पाणी पीत सुटतो. आतलं मिश्रण फुगतं, हवेच्या बाजूची सूक्ष्म छिद्रं भिजून बंद होतात आणि जस्त शिल्लक असूनही सेल मेला. एप्रिलमध्ये चंद्रपूरला उलटा प्रकार, सेल वाळतो.

रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवत असाल तर सेल काढूनच ठेवा. जेल मशीनला वाळवतं ते हवंच आहे, पण सेललाही वाळवतं. आणि स्टिकर काढल्यावर लगेच झाकण लावू नका, तीन-चार मिनिटं उघडा राहू द्या. हवा आत पोचून व्होल्टेज चढायला तेवढा वेळ लागतो. घाईत लावलेला सेल मशीनला कमी दिसतो आणि "नवीनच खराब निघाला" म्हणून फेकला जातो.

देवरुखची_वहिनी

सेलसकट डबीत ठेवत होतो! आणि अर्धवट वापरलेल्याला स्टिकर परत चिकटवून ठेवतो, ते चालतं का?

कथील

थोडा वेग मंदावतो, थांबत नाही. हवा एकदा आत गेली की घड्याळ सुरू झालं. आठवडाभर मशीन लावायचं नसेल तर चिकटवा, रोजच्यासाठी त्रास घेऊ नका.

नियमावली

पहिल्या प्रश्नाला, म्हणजे बंद का केला, याला थोडा पुढचा भाग जोडतो. सेल वापरताना कुणाला विषबाधा होत नव्हती. भानगड कचऱ्यात होती. जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा वाद पेटला, कारण तिथे शहरी कचरा भट्टीत जाळतात आणि सेलमधला पारा वाफ होऊन धुराड्यातून हवेत जातो. मिनामाताच्या विषबाधेची आठवण तिथे ताजी होती. ती बाधा कारखान्याने समुद्रात सोडलेल्या मिथाइल पाऱ्याची होती, सेलची नव्हे, पण पारा पाण्यात जातो, माशात साठतो आणि ताटात येतो हे त्या देशाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिथे पाऱ्याच्या सेलचं उत्पादन १९९५ अखेर थांबलं.

अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने पाऱ्याच्या ऑक्साइडचे बटण सेल विकणं बंद झालं, मात्र अल्कलाइन बटण सेलला २५ मिलिग्रॅमपर्यंत सूट ठेवली. युरोपात २००० पासून सेलमधला पारा ०.०००५ टक्क्यांवर आणला आणि बटण सेलना २ टक्क्यांची सवलत दिली, ती १ ऑक्टोबर २०१५ ला संपली. मिनामाता करार २०१३ चा, अंमल २०१७ पासून, भारताने २०१८ मध्ये मान्य केला. आपल्याकडच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांतही तीच ०.०००५ टक्क्यांची मर्यादा आहे.

जस्तवाल्यांनी केलेले दोन भाग इथेही दिसतात बघा. मुख्य मालाचा पारा कायद्याने एका झटक्यात गेला, राखणदाराला मात्र सवलतींवर सवलती मिळत गेल्या.

चिऊची_आई

म्हणजे आता बटण सेलमध्ये पारा नाही. मग लहान मुलाने चुकून गिळला तर फार घाबरायचं कारण नाही, असं समजायचं का?

नियमावली

अजिबात नाही! हे कृपया सगळ्यांनी वाचा. गिळलेल्या सेलचा मुख्य धोका पाऱ्याचा कधीच नव्हता. सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या त्वचेतून वीज वाहते आणि ऋण बाजूला तिथल्या तिथे अल्कली तयार होऊन ऊती जळतात. सर्वांत वाईट म्हणजे २० मिमीचा ३ व्होल्टवाला लिथियम सेल, सीआर२०३२, तो रुंद म्हणून अडकतो आणि व्होल्टेज दुप्पट. दोन तासांत गंभीर इजा होते. उलटी करवू नका, तडक एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, सेल गिळून बारा तास झाले नसतील आणि मुलाला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी निघायला उशीर मात्र करू नये.

डोळस_भिंग

हे महत्त्वाचं होतं, धन्यवाद. जस्तवाले, तुम्ही तीन कामं वाटून घेण्यापाशी थांबलात.

जस्तवाला

हो. एकच पर्यायी पदार्थ सापडला असं झालं नाही, चार-पाच गोष्टी एकदम कराव्या लागल्या.

आधी जस्त साफ केलं. लोखंडासारख्या अशुद्धी दहा लाखांत मोजक्या भागांवर आणल्या, कारण आता झाकायला पारा नव्हता. मग त्या जस्तात इंडियम, बिस्मथ आणि अ‍ॅल्युमिनियम चिमूटभर मिसळले, दहा लाखांत काहीशे भाग एवढेच. इंडियमवरही हायड्रोजन सहजी सुटत नाही, बिस्मथचंही तसंच, आणि अ‍ॅल्युमिनियममुळे कणांचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो. सुरुवातीला शिसंही वापरात होतं, पण पाऱ्याला हाकलून शिसं घरात घेणं कुणाला रुचणार?

बटण सेलची अडचण वेगळी होती. त्याचं ऋण झाकण आतून तांब्याचं असतं आणि जस्त थेट त्याला टेकतं. पारा होता तेव्हा तो तांब्यावरही पसरायचा. तो काढल्यावर तांबं उघडं पडलं आणि तिथे वायू सुटायला लागला. म्हणून आतून कथिलाचा किंवा इंडियमचा मुलामा द्यावा लागला, आणि त्या मुलाम्यात टाचणीच्या टोकाएवढंही भोक राहून चालत नाही. मोठ्या पेन्सिल सेलमध्ये वायूला थोडी जागा असते, म्हणून ते १९९० च्या सुमारास पारामुक्त झाले. बटण सेलला त्यानंतर दहा-पंधरा वर्षं लागली, ती याच कारणाने.

तिसरं काम, कण जोडून ठेवायचं. पहिल्या पारामुक्त पेन्सिल सेलना धक्का बसला की व्होल्टेज क्षणभर कोसळायचं, कारण जेलीतले कण एकमेकांपासून सुटायचे. मग जेलीचा घट्टपणा बदलला आणि बारीक भुकटीचं प्रमाण वाढवलं.

घड्याळजी_नाका

कागदावर सगळं छान. आमच्या कामात दिसतं ते असं की जुने सिल्व्हर सेल आठ-दहा वर्षं बंद घड्याळात राहून कोरडे निघायचे आणि आताचे चार वर्षांत पांढरी बुरशी सोडतात. पारा काढल्यापासून गळती वाढली आहे, कोणी काही म्हणो.

जस्तवाला

तुमचं निरीक्षण खोटं ठरवत नाही, पण कारण एवढं सरळ नाही. ती पांढरी बुरशी म्हणजे बाहेर आलेल्या अल्कलीचा हवेशी संयोग होऊन झालेला कार्बोनेट. आणि अल्कली फक्त वायूच्या दाबाने बाहेर येत नाही. ऋण झाकणाच्या धातूवर ती आपसूक चढत जाते, रबरी कडेखालून, दाब नसतानाही. कड नीट दाबलेली नसेल तर पारा असूनही गळतो.

फरक ओळखायचा तर सेल सपाट काचेवर ठेवा. पोट फुगून डुलत असेल तर वायू. सपाट आहे पण ऋण बाजूच्या कडेभोवती पांढरी रेघ आहे, तर चढलेली अल्कली.

घड्याळजी_नाका

बहुतेक सपाटच असतात, रेघवाले. पण पूर्वी रेघ नव्हती, आता आहे, माझा मुद्दा तेवढाच. आणि स्वस्त मालात एसआरच्या नावाखाली एलआर येतो तो वेगळाच ताप.

जस्तवाला

असेल. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, जुन्या-नव्या बनावटीचे सेल शेजारी ठेवून तपासल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

कथील

एसआर-एलआरवरून आठवलं, तांबड्या फिल्टरचं "तोच सेल, फक्त स्वस्त" हे राहून गेलं. माप एक, आतला माल वेगळा. पहिलं अक्षर बघायचं: एल म्हणजे अल्कलाइन, एस म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, पी म्हणजे झिंक-एअर, सी म्हणजे लिथियम. जुन्या पाऱ्याच्या सेलचं अक्षर होतं एम, पीएक्स६२५ म्हणजेच एमआर९. दुकानदाराने दिलेला ६२५ए हा एलआर९.

सिल्व्हर १.५५ ला सुरू होतो आणि संपेपर्यंत जवळपास तिथेच राहतो, मग एकदम पडतो. अल्कलाइन १.५ च्या वर सुरू होतो आणि पहिल्या दिवसापासून उतरणीला लागतो. घड्याळाला काही वाटत नाही, मीटरला वाटतं. आज एक स्टॉप चूक, दोन महिन्यांनी अर्धा, आणि मध्ये कधीतरी अगदी बरोबर. ही सरकती चूक सर्वांत वाईट, तुम्ही दुरुस्ती तरी किती धरणार?

ओएम-१ चा मीटर साधा आहे: सेल, प्रकाशाला जागणारा कॅडमियम सल्फाइड आणि सुई. व्होल्टेज वाढलं की प्रवाह वाढला, सुईला वाटतं उजेड जास्त. तुम्ही त्यावर विसंबून शटर वाढवता आणि फिल्मवर प्रकाश कमी पडतो. निगेटिव्ह फिल्म चूक पोटात घालते खरी, पण जास्त प्रकाशाची. कमी प्रकाशाची नाही, सावल्या मातकट होतात. सगळ्या जुन्या कॅमेऱ्यांना हे लागू नाही. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकमध्ये ब्रिज जोडणी आहे, तिथे सुई दोन बाजूंचा तोल बघते, व्होल्टेज थोडं बदललं तरी तोल तोच राहतो. त्यात सिल्व्हर घाला आणि विसरा.

डोळस_भिंग

मग माझ्यासाठी १.३५ च्या जवळचं काय?

कथील

दोन वाटा आहेत.

सोपी वाट झिंक-एअर ६७५, कानाच्या मशीनचा मोठा सेल. वापरात १.३५ ते १.४ व्होल्ट देतो आणि रेषा सपाट. व्यास ११.६ मिमी, तुमचा खळगा १६ चा, म्हणून भोवती रबरी कडं घाला. अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचा पट्टा गुंडाळू नका, तो सरकून दोन्ही ध्रुवांना टेकला की सेल शॉर्ट. जाडी अर्धा मिमी कमी पडते, ती बहुधा स्प्रिंग भरून काढते. मीटरला मायक्रोअँपिअरमध्येच प्रवाह लागतो, त्यामुळे झाकणाच्या आट्यांतून येते तेवढी हवा पुरते. स्टिकर काढल्यावर एक भोक सोडून बाकीची चिकटपट्टीने झाका, सेल सावकाश वाळतो. तरी दोन-तीन महिन्यांनी बदलायचा, मीटर वापरा किंवा न वापरा.

दुसरी वाट सिल्व्हर ऑक्साइडचा सेल आणि वाटेत एक शॉट्की डायोड, बीएटी८३ किंवा त्या जातीचा. तो ०.२ व्होल्टच्या आसपास खातो, १.५५ चे १.३५ उरतात. डायोड सेलच्या ऋण संपर्कातून निघणाऱ्या तारेत घालायचा, पट्टीची बाजू सेलच्या ऋण टोकाकडे. सोल्डर करताना दोन-तीन सेकंदांत आटपा, संपर्काखालचा प्लास्टिकचा भाग लगेच मऊ होतो.

इथे हमखास फसायला होतं ते सांगतो. डायोड बसवून मल्टीमीटर लावला की १.५२ वगैरे दिसतं आणि माणूस डायोड खराब म्हणून काढून टाकतो. मल्टीमीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, आणि प्रवाह नाही तर डायोड व्होल्टेज खात नाही. टोकांना १५ किलोओहमचा रोध लावा, मग सुमारे ९० मायक्रोअँपिअर वाहतील आणि १.३५ च्या जवळ आकडा दिसेल.

याची उलट बाजू अशी की अंधुक उजेडात मीटरचा प्रवाहच पाच मायक्रोअँपिअरवर येतो, तेव्हा डायोड ०.१३ च्या आसपासच खातो आणि मीटरला १.४२ मिळतात. भर उन्हात अचूक, खोलीत थोडी चूक.

तांबडा_फिल्टर

मग डायोडची खटपट कशाला, आयएसओची चकतीच मागे घेऊन टाका. शंभरच्या फिल्मला पन्नास. सिल्व्हर आहे, व्होल्टेज तर सरकत नाही.

कथील

चूक सगळ्या उजेडात सारखी असती तर मीही तेच सांगितलं असतं. ऊन, ढगाळ आणि खोली असे तीन उजेड घेऊन भरवशाच्या मीटरशी ताडून बघा. तिन्हीकडे फरक एकसारखा आला तर चकती फिरवा, डायोडची गरज नाही. बहुतेक वेळा येत नाही.

जस्तवाला

एक भर. १.३५ चा आकडा कुणी ठरवलेला नव्हता, तो पाऱ्याच्या ऑक्साइड आणि जस्ताच्या जोडीचा उपजत आकडा आहे. चांदी-जस्ताचा १.५५, हवा-जस्ताचा वापरात १.४ च्या खाली. दुसऱ्या मालाचा सेल कितीही नीट बनवला तरी पाऱ्याचा आकडा देणार नाही. सपाट रेषेचं कारणही त्यातच आहे: पाऱ्याच्या सेलमध्ये सुरुवातीला जे पदार्थ असतात तेच शेवटपर्यंत असतात, फक्त प्रमाण बदलतं, आणि उरलेला पारा वीजवाहक असल्याने आतला रोध फारसा वाढत नाही. प्रयोगशाळेत अल्कलीच्या द्रावणात मोजमाप करायला पारा आणि पाऱ्याच्या ऑक्साइडचा संदर्भ-ध्रुव आजही वापरतात तो याच स्थिरपणासाठी.

जाता जाता, पाऱ्याचे सेल एकेकाळी हृदयाच्या पेसमेकरमध्येही होते. तिथे हायड्रोजन सुटतो म्हणून यंत्र पूर्ण हवाबंद करता येत नसे. १९७२ पासून लिथियम-आयोडिनचे सेल आले, त्यात वायू होतच नाही, आणि पेसमेकर धातूच्या डबीत कायमचा मिटवता आला. तिथे पारा हटला तो कायद्याच्या कितीतरी आधी, आयुष्य आणि हवाबंदपणा या दोनच कारणांनी.

डोळस_भिंग

६७५ आणला, रबरी कडं घातलं, एक भोक उघडं ठेवलं. मल्टीमीटरवर १.४१. १०० आयएसओ, एफ१६, ऊन: १/१२५ ला सुई मध्यावर. ढगाळ सावलीत मित्राच्या मीटरशी जुळलं. घरात ट्यूबच्या उजेडात मात्र माझा मीटर एक स्टॉप कमी उजेड दाखवतो. सेल कमी पडतोय का?

कथील

सेल कमी पडला असता तर उन्हातच पडला असता, तिथे प्रवाह सर्वांत जास्त असतो. अंधारात सेलवर ओझंच नसतं. पन्नास वर्षांचा कॅडमियम सल्फाइड थकला असावा. आणखी एक कारण असू शकतं: हा पदार्थ अंधाराला सावकाश सरावतो. उन्हातून आत आल्यावर लगेच मोजलं होतं की थांबून?

डोळस_भिंग

आत येऊन बराच वेळ झाला होता. उद्या रात्री फक्त बल्बच्या उजेडात, कॅमेरा अर्धा तास झाकून ठेवून परत बघतो. अवांतर: कॅमेऱ्याबरोबरच्या डबीत एक जुना पीएक्स६२५ निघालाय, कडेला पांढरी रेघ आहे. त्याचं काय करू?

नियमावली

उघडू नका, घासू नका, भंगारात टाकू नका. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, वर "पाऱ्याचा सेल" असं लिहा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला आधी विचारून द्या. सगळी केंद्रं पाऱ्याचा माल घेत नाहीत.

घड्याळजी_नाका

आमच्याकडे जुन्या बनावटीचे न वापरलेले सिल्व्हर सेल आहेत चार-पाच, सीलबंद पाकिटात. जस्तवाल्यांना ती काचेवरची तपासणी करायची असेल तर नव्यांच्या शेजारी ठेवून बघतो. किती दिवसांनी बघायचे ते सांगा.